एका पानाचं टिपण: निवाड्यात रक्कम होती, देणारा नव्हता

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्याच्या गावी आमचं वकिलांचं ऑफिस आहे. दोन भागीदार, मी सहयोगी वकील आणि तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलेले आमचे कारकून काका. ज्येष्ठ भागीदारांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो. ते आठवड्यातले तीन दिवस हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात असतात. म्हणून इथे कुठलाही निकाल लागला की मी त्यांना टिपण पाठवायचं आणि त्यांनी ते नागपुरात दोन सुनावण्यांच्या मधल्या वेळात फोनवर वाचायचं, अशी आमची पद्धत. हे प्रकरण त्यातल्याच एका टिपणाचं आहे. पक्षकारांची आणि गावांची नावं दिलेली नाहीत.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ३८ वर्षांचा एक शेतकरी जिनिंगवर कापसाचा काटा करून मोटारसायकलने घरी परतत होता. मागून आलेल्या मालवाहू पिकअपने त्याला उडवलं. मागे पत्नी, दोन लहान मुलं आणि म्हातारे आईवडील राहिले. या पाचजणांतर्फे आम्ही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गाडीमालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध नुकसानभरपाईचा अर्ज केला. निवाडा २८ एप्रिल २०२३ ला, शुक्रवारी झाला.

त्या दिवशी मी कोर्टात होते. पुकारा झाला, न्यायाधीशांनी 'अर्ज अंशतः मंजूर' एवढं सांगून रक्कम वाचली आणि पुढचं प्रकरण घेतलं. बाहेर व्हरांड्यात अशिलाचा दीर उभा होता. मी त्याला म्हणाले, "पंधरा लाख ब्याऐंशी हजार मंजूर झाले." त्याने हात जोडले आणि विचारलं, "मॅडम, पैसे कधी भेटतीन?" मी म्हणाले, नक्कल आली की सांगते. निवाड्याचा शेवटचा भाग मी तोवर वाचलेला नव्हता.

अडचण

शनिवार, रविवार आणि मग महाराष्ट्र दिनाची सुट्टी. काकांनी नकलेचा अर्ज ३ मे ला टाकला. पाठोपाठ उन्हाळी सुट्ट्या लागल्या आणि प्रमाणित प्रत हातात पडली ती १६ जूनला. एकतीस पानं. मी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. अपघात, फिर्याद, पंचनामा, साक्षीदार, उलटतपास, निष्काळजीपणा सिद्ध. सगळं आमच्या बाजूने चाललं होतं. एकतिसाव्या पानावर आदेशाचा भाग आला आणि त्यातल्या तिसऱ्या कलमात लिहिलं होतं की विमा कंपनीविरुद्धचा अर्ज फेटाळण्यात येत आहे आणि संपूर्ण रक्कम गाडीमालकाने भरावी.

कारण असं दिलं होतं. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना होता, पण त्यावर मालवाहतुकीच्या वाहनाची वेगळी नोंद नव्हती. त्यामुळे विम्याच्या अटीचा भंग झाला, म्हणून कंपनी मोकळी. हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात आमच्या बाजूने सोडवलेला होता. गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, वेगळी नोंद लागत नाही. पण २०२२ मध्ये तो प्रश्न फेरविचारासाठी घटनापीठाकडे पाठवला गेला होता. न्यायाधिकरणाने तेवढ्याचा आधार घेतला आणि 'कायदा निश्चित नाही' असं म्हणून तो निकाल बाजूला ठेवला.

गाडीमालक म्हणजे शेजारच्या तालुक्यातला चार एकर कोरडवाहूवाला शेतकरी. सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. गाडी फायनान्सवर घेतलेली, अपघातानंतर हप्ते थकले म्हणून ओढून नेलेली. कागदावर पंधरा लाख ब्याऐंशी हजार होते, पण ते ज्याच्याकडून यायचे त्याच्याकडे काही नव्हतं.

पहिला मसुदा

सोमवारी, १९ जूनला, मी सरांना टिपण पाठवलं. साडेतीन पानांचं. तेव्हा मला ते चांगलं वाटलं होतं. सुरुवातीला अपघाताची हकीकत, मग कोणाचे साक्षीदार किती, मग मुद्देनिहाय निष्कर्ष. विमा कंपनी सुटल्याचं तिसऱ्या पानावर आलं होतं आणि अपिलाची मुदत शेवटच्या परिच्छेदात. मुदतीची तारीखही मी १० सप्टेंबर अशी दिली होती. निवाड्यापासून ९० दिवस, अधिक नक्कल मिळायला लागलेले ४५ दिवस, असा हिशेब करून.

संध्याकाळी सरांचा फोन आला. रागावले नाहीत. म्हणाले, "मी नागपुरात व्हरांड्यात उभा राहून वाचत होतो. दोन पानं वाचली आणि माझा पुकारा झाला. तोवर मला एवढंच कळलं होतं की आपण जिंकलो." मग म्हणाले, "निवाडा शेवटून वाच. आधी आदेश, मग कारणं. आणि तू वाचशील त्याच क्रमाने लिही."

तारखेवरही त्यांनी बोट ठेवलं. नकलेचे दिवस वजा मिळतात हे खरं, पण ते मिळवावे लागतात. अर्ज कधी टाकला, फी कधी भरली, प्रत तयार कधी झाली आणि आपण ती उचलली कधी, यावर समोरचा वकील भांडू शकतो. टिपणात सवलतीची तारीख लिहिली की ऑफिसातले सगळे तीच खरी धरून चालतात. म्हणून वर कडक तारीख लिहायची: २८ एप्रिलपासून नव्वदावा दिवस, २७ जुलै. सवलत हा अडीअडचणीला कामी येणारा आधार, तो टिपणात मोजायचा नाही. त्यात १० सप्टेंबरला रविवार होता, हे मी पाहिलंही नव्हतं.

पर्याय

दुसरा मसुदा लिहिण्याआधी मी चार वाटा कागदावर मांडल्या.

पहिली, आहे तो निवाडा स्वीकारून मालकाविरुद्ध वसुली. न्यायाधिकरण दाखला देतं आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. कायद्यात सरळ वाट आहे. पण बोजा असलेल्या चार एकरांतून काय निघणार, आणि आमच्या अशिलाच्या पोरांसाठी दुसऱ्या शेतकऱ्याची पोरं रस्त्यावर आणायची का, हाही प्रश्न होताच.

दुसरी वाट मला सुरुवातीला फार आकर्षक वाटत होती. रकमेच्या हिशेबात उघड चूक होती. निवाड्याच्या मजकुरात म्हटलं होतं की पाच अवलंबित आहेत, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करावा. आणि खालच्या तक्त्यात वजा केला होता एक तृतीयांश. महिना ९,००० उत्पन्न, त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून १२,६००. त्यातून एक तृतीयांश गेला की उरतात ८,४००, एक चतुर्थांश गेला की ९,४५०. वर्षाचे बारा महिने आणि ३८ वयाचा १५ हा गुणक लावला की फरक १,८९,००० चा होतो. मजकूर एक आणि तक्ता दुसरा असेल तर ती लेखनाची किंवा हिशेबाची चूक ठरते. ती त्याच न्यायाधिकरणाकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करून दुरुस्त करता येते. खर्च जवळजवळ नाही, नागपूरला जायला नको.

यावर सरांनी एकच प्रश्न विचारला. "हे एक लाख एकोणनव्वद हजार वाढले तर देणार कोण?" तोच मालक. आणि दुरुस्तीचा अर्ज चालू असताना अपिलाची मुदत थांबत नाही. तारखा पडत राहतील आणि २७ जुलै निघून जाईल. ही चूक अपिलातही दाखवता येते, तिच्यासाठी वेगळी चूल मांडायची गरज नव्हती.

तिसरी वाट, विमा कंपनीशी तडजोड. पण निवाड्याने पूर्ण सुटलेली कंपनी कशाला बोलेल? तिच्यावर आधी अपिलाचं ओझं पडायला हवं. चौथी वाट म्हणजे ते अपील.

टिपण

२१ जूनला गेलेलं टिपण असं होतं. छापलं तर एका पानात बसतं.

> शेवटची तारीख: २७ जुलै २०२३ (नकलेचे दिवस न धरता). आपला निर्णय हवा: ३० जूनपर्यंत.
>
> निकाल: १५,८२,००० रुपये व साडेसात टक्के व्याज मंजूर. भरायचे फक्त गाडीमालकाने. विमा कंपनी पूर्ण मुक्त (आदेश, कलम ३). 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेशही नाही.
>
> अशिलावर परिणाम: मालकाची ४ एकर जमीन, तिच्यावर बोजा. कंपनी परत आणली नाही तर हाती फार काही येणार नाही.
>
> आदेश कुठे चुकला: (१) आरसी बुकाप्रमाणे गाडीचं एकूण वजन २,९९० किलो, म्हणजे ७,५०० च्या खूप आत. देवांगन निकाल लागू. तो घटनापीठाकडे गेला असला तरी रद्द झालेला नाही, तोवर बंधनकारक आहे. (२) अटीचा भंग मानला तरी स्वर्ण सिंग निकालाप्रमाणे (२००४) तिऱ्हाइताला कंपनीने आधी रक्कम द्यावी, अशी मागणी पर्यायी म्हणून करता येईल.
>
> रक्कम: वजावट एक तृतीयांशाऐवजी एक चतुर्थांश हवी. सहवासाच्या हानीपोटी एकालाच ४०,००० दिले, ते पाचही जणांना सुधारित दराने ४४,००० प्रत्येकी हवेत. इतर दोन शीर्षकंही जुन्या दराने. माझ्या हिशेबाने एकूण १९,५४,००० व्हायला हवेत, म्हणजे ३,७२,००० जास्त. तक्ता सोबत.
>
> सुचवते: (१) नागपूर खंडपीठात कलम १७३ खाली अपील, मुख्य मुद्दा कंपनीची जबाबदारी, रक्कम दुय्यम. (२) दुरुस्तीचा वेगळा अर्ज नको. (३) मालकाविरुद्ध वसुलीचा दाखला लगेच मागावा.
>
> मी तपासलेलं नाही: अपघाताच्या दिवशी परवान्याची मुदत चालू होती का. परिवहन कार्यालयाचा उतारा रेकॉर्डवर आहे, मी पाहिलेला नाही. हे उलटं निघालं तर पहिला मुद्दा डळमळेल.

त्या आरसी बुकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं होतं. रेकॉर्डवर तिची झेरॉक्स होती, फिकट, एका कडेला दुमडलेली. वजनाचा आकडा बरोबर घडीवर आलेला. २,९९० की २,७९० हे ठरवायला मी भिंग घेतलं. दोन्ही आकडे मर्यादेच्या आतच, त्यामुळे निकालाला फरक पडत नव्हता. तरीही टिपणात चुकीचा आकडा गेला असता आणि अपिलाच्या मजकुरात तोच उतरला असता, तर कंपनीच्या वकिलाला सुनावणीत आमची सगळीच मांडणी सैल आहे असं दाखवता आलं असतं. शेवटी काका परिवहन कार्यालयात गेले आणि नोंदीचा उतारा घेऊन आले. २,९९०.

शेवटचा 'तपासलेलं नाही' हा परिच्छेद मी घालावा की नको, यावर अर्धा तास घालवला होता. आपलं काम अर्धवट दिसेल असं वाटत होतं. सरांनी पहिला फोन नेमका त्याच ओळीवर केला. "तो उतारा आज संध्याकाळपर्यंत पाहा, बाकी सगळं मान्य." उतारा पाहिला. परवाना अपघाताच्या दिवशी चालू होता.

काय केलं

मी सुचवलेल्यातली तिसरी गोष्ट सरांनी खोडली. मालकाविरुद्ध वसुली लगेच नको. त्यांचं म्हणणं असं की विमा कंपनीच्या मुद्द्यावर मालक आणि आपण एकाच बाजूला आहोत. कंपनी परत आली तर त्याचीही मान सुटते. त्याच्या जमिनीवर जप्ती आणली तर तो आपल्याविरुद्ध उभा राहील. मालकाने स्वतः अपील करावं का, हेही त्याच्या वकिलाला विचारून पाहिलं. पण भरपाई ज्याच्यावर लादली आहे त्याला अपील करायचं तर आधी २५,००० रुपये किंवा मंजूर रकमेच्या निम्मे, यांतली कमी रक्कम जमा करावी लागते. पेरणीच्या तोंडावर त्याच्याकडे पंचवीस हजारही नव्हते. आमच्या अशिलाला ती अट नव्हती, कारण ती पैसे मागणारी होती.

अपील १९ जुलैला, मुदतीच्या आठ दिवस आधी दाखल झालं. टिपणातला 'आदेश कुठे चुकला' हा परिच्छेद जवळजवळ तसाच अपिलाच्या कारणांमध्ये गेला. मालकाच्या वकिलाने कंपनीच्या जबाबदारीबद्दल आमच्या म्हणण्याला दुजोरा दिला.

निष्पत्ती

६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात देवांगन निकालाची भूमिका कायम ठेवली. ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. ज्या अनिश्चिततेवर आमच्या निवाड्यातली कंपनीची सुटका उभी होती ती संपली. त्यानंतर कंपनीच्याच वकिलांनी बोलणी सुरू केली. २०२५ च्या सुरुवातीला लोकअदालतीत तडजोड झाली: मूळ रक्कम १८,००,०००, व्याज निवाड्याप्रमाणे, सगळं कंपनीने भरायचं. १९,५४,००० वर आम्ही अडून बसलो नाही. उत्पन्नाचा ९,००० चा आकडा कागदी पुराव्याशिवाय मानला गेला होता आणि सुनावणी झाली असती तर तो खाली येण्याची भीती होती. मुलांचा वाटा त्यांच्या सज्ञान होण्यापर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेला. मृताचे वडील तोवर वारले होते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट माझी. निवाडा कोर्टाच्या संकेतस्थळावर ४ मे लाच आलेला होता. अपिलाला प्रमाणित प्रत लागते, टिपणाला लागत नाही. तरी मी सवयीने नकलेची वाट पाहिली आणि नव्वदातले जवळजवळ पन्नास दिवस काही न करता गेले. घटनापीठाचा निकाल पुढे आमच्या बाजूने लागला म्हणून हे निभावलं असं नाही, मुदतीतच होतो. पण परवान्याचा उतारा उलटा निघाला असता तर नवी मांडणी करायला पाच आठवडेच उरले होते.

दुसरी गोष्ट मालकाच्या जमिनीची. २०२४ मध्ये त्याने एक एकर विकली. कंपनी परत आली म्हणून त्याचा आम्हाला फटका बसला नाही. पण अपील हरलो असतो तर वसुलीसाठी तीनच एकर उरली असती. वसुली नको हा सरांचा निर्णय मला आजही पटतो. मात्र जमीन विकू नये एवढ्यापुरता मनाईचा अर्ज अपिलासोबत करायला हवा होता. मी टिपणात 'वसुली' हा एकच शब्द लिहिला, म्हणून तो मान्य किंवा अमान्य एवढंच झालं. 'जप्ती नको, पण विक्रीला मनाई' ही मधली वाट मी लिहिली असती तर सरांसमोर ती आली असती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. २८ एप्रिलला व्हरांड्यात मी जे सांगितलं ते त्याच संध्याकाळी गावात पोचलं होतं. १५ लाख मंजूर झाल्याचं ऐकून कृषी केंद्राच्या दुकानदाराने जूनमध्ये आमच्या अशिलाला, मृताच्या पत्नीला, कापसाचं बियाणं आणि खत न विचारता उधारीवर दिलं, नेहमी देतो त्यापेक्षा जास्त. तिनेही ते घेतलं, कारण पैसे येणार होते. २२ जूनला मी तिला ऑफिसात बोलावून आदेशाचं तिसरं कलम मराठीत समजावलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कंपनी देत नाई तं मंग कोन देते, मॅडम? आन् त्या दुकानवाल्याले म्या काय सांगू?"

माझ्या एका पानाच्या टिपणात सरांसाठी सगळं होतं. तिला काय सांगायचं, कोण सांगणार आणि कधी, याची ओळ नव्हती. आता आमच्या ऑफिसात प्रत्येक टिपणाच्या शेवटी 'अशिलाला काय सांगितलं आणि कोणत्या तारखेला' ही ओळ असते. ती रिकामी असेल तर सर टिपण परत पाठवतात.

तिची ती उधारी त्या वर्षी दिवाळीनंतर पहिल्या वेचणीचा कापूस विकून फिटली.